बीमखालची साडेचारशे मिलिमीटर

प्रश्न: मी एका कन्सल्टंटकडे एमईपी मॉडेलिंग करतो, दीड वर्ष झालं. सात मजली ऑफिस बिल्डिंग आहे, रेव्हिटमध्ये डक्ट, ड्रेनेज, फायर सगळं काढून झालंय. नेव्हिसवर्क्समध्ये बीमविरुद्ध टेस्ट लावली तर १,८०० च्या वर क्लॅश आले. एक सोडवला की दोन नवे येतात. सीनियर म्हणतात, ड्रेनेजच्या पाइपांना बीममध्ये स्लीव्ह दाखव आणि पुढे जा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं शटरिंग आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

१,८०० हा आकडा आधी डोक्यातून काढा. एक डक्ट पॅसेजमधून आठ बीम ओलांडतो आणि त्याची लेव्हल पन्नास मिलिमीटर चुकली आहे, असं धरा. झाले आठ क्लॅश. डक्टवरचं इन्सुलेशन रेव्हिटमध्ये वेगळा घटक असतो, त्यामुळे आणखी आठ. सातही मजले सारखे असतील तर एकशे बारा. चूक मात्र एकच, आणि ती एका जागी दुरुस्त होते. तुमच्या १,८०० मागे बहुधा डझनभर निर्णय दडलेले असतील.

खरी अडचण तुमच्या त्यापुढच्या वाक्यात आहे. एक सोडवला की दोन नवे येतात, याचा अर्थ बीमखालची उंची कोणाला किती द्यायची हे ठरायच्या आधीच मॉडेलिंग सुरू झालं. डक्टवाल्याने आपल्या सोयीची लेव्हल घेतली, प्लंबिंगवाल्याने आपल्या सोयीची, आणि वाटणीचं काम क्लॅश टेस्टवर सोडलं. टेस्ट वाटणी करून देत नाही, भांडण कुठे आहे एवढंच दाखवते.

पुढे जे लिहितोय ते तुमचे बीम साध्या आरसीसीचे आहेत असं धरून. पोस्ट-टेन्शन असतील तर बीममधून काही नेण्याचा विचारच सोडून द्या, कारण आतल्या केबलला धक्का लागला तर प्रकरण हाताबाहेर जातं. स्टीलचे असतील तर हिशोब वेगळा, तिथे बीमच्या उभ्या पत्र्यात भोकं कारखान्यातूनच पाडून आणता येतात. दुसरं, शाफ्टच्या जागा अजून हलवता येतात की नाही, यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे. खालच्या मजल्यांवर शाफ्ट ओतून झाले असतील तर तुमच्या हातात कमी पर्याय उरतात.

पाइपला हात लावण्याआधी एक कंटाळवाणं काम करा. स्ट्रक्चरल मॉडेलमधले बीम आणि साइटला गेलेलं ताजं फ्रेमिंग प्लॅन शेजारी ठेवा आणि प्रत्येक बीमची खोली ताडून पाहा. मॉडेल कोणीतरी जुन्या आराखड्यावरून केलेलं असतं. मग भूकंपाच्या हिशोबात काही बीम ६०० चे ७५० झाले, ड्रॉइंग सुधारलं गेलं, मॉडेल तसंच राहिलं. अशा मॉडेलविरुद्ध शून्य क्लॅश आले तरी उपयोग काय? बीमची खोली स्लॅबसकट धरलीय की स्लॅबखालची, तेही बघा. १५० चा स्लॅब असेल तर तिथेच १५० चा फरक पडतो. टॉयलेटचा स्लॅब खाली घेतला असेल तर त्याच्या कडेचे बीमही कधीकधी खाली सरकलेले असतात आणि मॉडेलमध्ये मात्र वरच्याच लेव्हलला दिसतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मापं दिलेली नाहीत, म्हणून माझ्या एका कामातल्या पॅसेजची घेतो. तीही ऑफिसचीच इमारत होती. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

खालच्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग म्हणजे शून्य. वरच्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ३६०० वर. स्लॅब १५० चा, म्हणजे त्याचं पोट ३४५० वर. बीम स्लॅबसकट ६०० चे, म्हणजे बीमचं पोट ३००० वर. खाली फरशी आणि मसाल्याचे ५० गेले. आर्किटेक्टला पॅसेजमध्ये फरशीपासून २४०० वर फॉल्स सीलिंग हवं होतं, म्हणजे सीलिंगचा खालचा चेहरा २४५० वर. सीलिंगचा सांगाडा आणि त्यात बसणारे दिवे यांना १०० सोडले की आपली हद्द २५५० ला सुरू होते. बीमचं पोट ३००० वर. मधे उरले ४५०. दोन बीमच्या मधल्या खणात मात्र ३४५० पर्यंत जागा आहे, म्हणजे तब्बल ९००. ही ९०० बघून मॉडेलिंगवाले हुरळतात, पण पॅसेजच्या लांबीने जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीला दर खणाला आडवा बीम ओलांडायचाच असतो. तिच्यासाठी जागा ४५० च.

त्या पॅसेजमधून ७०० बाय ३०० चा मुख्य डक्ट जाणार होता. तीनशेचा डक्ट साडेचारशेत आरामात बसतो असं वाटतं. मॉडेलमध्ये बसतोही. पण पत्र्याचा डक्ट तुकड्यांनी जोडतात आणि जोडावर ३५ ची फ्लँज उभी राहते, तिच्यावरून इन्सुलेशनची पट्टी जाते, तिचे १० धरा. म्हणजे वरच्या बाजूला ४५. खालच्या बाजूला डक्टच्या अंगाला २५ चं इन्सुलेशन आणि त्याखाली आधाराचा ४० चा चॅनेल, म्हणजे ६५. एकूण ३०० अधिक ४५ अधिक ६५, झाले ४१०. चॅनेलच्या खाली नट आणि रॉडचं टोक, आणखी १५. तीनशेचा डक्ट प्रत्यक्षात ४२५ खातो. साडेचारशेत उरले २५.

हे २५ म्हणजे मोकळी जागा नव्हे. आयएस ४५६ मध्ये बीमच्या मापाला १२ मिलिमीटर जास्त आणि ६ कमी एवढी सूट आहे. म्हणजे साइटवर ६१२ चा बीम नियमात बसतो आणि तुमचे २५ लगेच १३ होतात. शटरिंग मधोमध थोडं बसलं तर तेवढेही राहत नाहीत. रेव्हिटमध्ये फ्लँज, चॅनेल आणि नट यांतलं काहीच बहुतेक मॉडेल्समध्ये काढलेलं नसतं, त्यामुळे क्लॅश टेस्ट इथे गप्प बसते. हा हिशोब हातानेच करायचा.

म्हणून तिथे एचव्हीएसीच्या डिझायनरला विचारलं, ९०० बाय २५० चालेल का? हवा तेवढीच, ताशी ४,५०० घनमीटर. ७०० बाय ३०० मध्ये तिचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या जवळ होता, ९०० बाय २५० मध्ये साडेपाच. घर्षणासाठी जो समतुल्य व्यास काढतात तो दोन्हींचा ४९० च्या आसपासच येतो, त्यामुळे फॅनवर ताण वाढत नाही. पत्रा मात्र साधारण पंधरा टक्के जास्त लागतो आणि रुंदी वाढल्याने शेजारच्या केबल ट्रेला सरकावं लागतं. पॅसेज २४०० रुंद होता, ते निभावलं. बदल्यात उंचीत ५० मिळाले, म्हणजे बीमखाली २५ ऐवजी ७५ मोकळे. याच वाटेने आणखी चपटा डक्ट करत जाऊ नका. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे गेली की पत्रा थरथरतो, आवाज येतो आणि घर्षण वाढतं.

आणखी एक प्रश्न त्याच बैठकीत विचारून घ्या, आणि तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला. पॅसेजवरचा आडवा बीम जेमतेम अडीच मीटरचा असतो. तो ६०० चाच का? कधी उत्तर असतं, बाकी सगळे ६०० चे होते म्हणून हाही. तसं असेल तर तो ४५० चा होऊ शकतो आणि एका फटक्यात तुम्हाला १५० मिळतात. कधी उत्तर असतं, भूकंपात ही चौकट इमारतीला ताठ ठेवते, हात लावायचा नाही. मग ६०० हा आकडा अंतिम. दोन्ही उत्तरं चालतील, पण ती सळईचं वेळापत्रक निघायच्या आधी मिळाली पाहिजेत.

आता ड्रेनेज. वाटणीत पहिला मान त्याचा, आणि यात तडजोड नाही. डक्टला वळवता येतं, चपटं करता येतं. स्प्रिंकलरच्या पाइपात दाबाचं पाणी असतं, ते वर-खाली कुठेही जातं. केबल ट्रेचं तर विचारूच नका, ती बिचारी सगळ्यांच्या शेवटी उरेल तिथून जाते. पण मैल्याचा पाइप फक्त उताराने चालतो. मधे एकदा खाली घेतलेला पाइप पुन्हा वर चढवता येत नाही. म्हणून आधी ड्रेनेज, मग मोठे डक्ट, मग दाबाचे पाइप, शेवटी ट्रे आणि कंड्युइट. तुमच्या मॉडेलमध्ये डक्ट आधी आणि ड्रेनेज नंतर झालं असेल, तर निम्मे क्लॅश तिथूनच आलेत असं मी पैजेवर सांगेन.

त्याच इमारतीतलं टॉयलेट पॅसेजच्या एका बाजूला आणि प्लंबिंगचा शाफ्ट दुसऱ्या बाजूला होता. म्हणजे पाइपला पॅसेजच्या कडेचा मुख्य बीम ओलांडून, पॅसेज पार करून पलीकडे जायचं होतं. ११० चा पाइप, उतार ६० ला १. टॉयलेटमधल्या सर्वांत लांबच्या कमोडखाली बेंड वगैरे बसवून पाइपचा तळ ३२०० वर सुरू होत होता. तिथून बीम साडेचार मीटरवर, म्हणजे उतारात ७५ गेले. बीमपाशी पाइपचा तळ ३१२५, माथा ३२३५. बीम ३००० पासून ३४५० पर्यंत दिसतोय. म्हणजे पाइप बीमच्या अंगातच घुसतो. तुमचे सीनियर म्हणतात ती स्लीव्ह इथे येते.

ती चालेल का? मी ज्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांबरोबर काम केलंय ते साधारण अशी चौकट देतात: भोक बीमच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात हवं, त्याचा व्यास खोलीच्या पाव ते फार तर तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि कॉलमच्या चेहऱ्यापासून दोन्ही टोकांना बीमच्या प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतरात भोक अजिबात नाही. हे शेवटचं अंतर आयएस १३९२० मधून येतं. भूकंपात बीम त्या टोकांना वाकून ऊर्जा खातो, म्हणून तिथे रिंगा दाट असतात, आणि दाट रिंगांतून स्लीव्ह घालायची म्हणजे रिंग कापायची किंवा सरकवायची. ६०० च्या बीमला हे अंतर दोन्हीकडे साधारण ११०० येतं. आठ मीटरच्या खणात कॉलम वगळून साडेसात मीटर बीम उघडा असेल, तर मधले सव्वापाच मीटर तुमचे.

आमच्या पाइपची आडवी जागा या सव्वापाच मीटरमध्ये होती. उंचीने मात्र घोटाळा केला. ११० च्या पाइपला १६० ची स्लीव्ह लागते. पाइपचा मध्य ३१८० वर, म्हणजे स्लीव्ह ३१०० पासून ३२६० पर्यंत. बीमच्या उंचीचा मधला तिसरा भाग ३२०० पासून ३४०० पर्यंत. स्लीव्हचा दोन तृतीयांश भाग खालच्या पट्ट्यात उतरतो आणि तिचा तळ बीमच्या पोटापासून १०० वर येतो. तिथे काय असतं? कव्हर, रिंग, खालच्या सळ्यांचा पहिला थर आणि कित्येकदा दुसरा. म्हणजे स्लीव्ह खालच्या मुख्य सळ्यांना टेकते किंवा त्यांच्यातच शिरते. खणाच्या मध्याला सगळा ताण याच सळ्या घेतात. इंजिनिअरने नकार दिला आणि तो बरोबरच होता.

तेव्हा तुमच्या सीनियरांच्या सूचनेवर माझं मत असं: स्लीव्ह हा वैध उपाय आहे, पण ‘दाखव आणि पुढे जा’ हा नाही. प्रत्येक स्लीव्हसाठी वरचे तीन आकडे काढा. बसत असतील तर यादी करून स्ट्रक्चरकडे पाठवा, ते भोवतीच्या जादा रिंगांसकट मंजुरी देतील. या तीन आकड्यांत बसणं म्हणजे मंजुरी नव्हे, सही त्यांचीच लागते. आणि मंजूर न झालेली स्लीव्ह मॉडेलमध्ये ठेवलीत तर क्लॅश नाहीसा होतो, बीम तसाच राहतो. मग स्लॅब ओतल्यावर साइटवर कोणीतरी कोअर कटिंगची मशीन आणतो. ती सळई आणि काँक्रीट यांत भेद करत नाही.

स्लीव्ह गेली, मग उरलं काय? पाइप बीमच्या खालून नेऊन बघितला. माथा २९७५, म्हणजे बीमच्या पोटाखाली २५ सोडून. तळ २८६५. तिथून शाफ्टपर्यंत तीन मीटर, आणखी ५० उतार, तळ २८१५. पाइपच्या तळापासून सीलिंगच्या हद्दीपर्यंत म्हणजे २५५० पर्यंत उरले २६५. डक्ट त्याखालून जाईल? ९०० बाय २५० चा चपटा डक्टसुद्धा सगळं धरून ३७५ खातो. नाही जात. मग डक्ट पाइपच्या वरून? पाइपचा माथा २९७५, स्लॅबचं पोट ३४५०, मधे ४७५. आकड्यांनी बसतो. त्यासाठी डक्टला दोन बीमच्या मधल्या खणात वर चढून, पाइप ओलांडून, पुढच्या बीमआधी पुन्हा खाली यावं लागतं. मॉडेलमध्ये हे वळण छान दिसतं आणि क्लॅश शून्य होतो. पण चार बेंड वाढले, दाब खर्च झाला, आणि डक्टच्या माथ्यावर फ्लँजचे बोल्ट आवळायला हात जाईल एवढीही जागा उरत नाही. पाइप कधी तुंबला तर त्याच्यावरच डक्ट बसलेला. असं एखाद्या ठिकाणी निरुपायाने करावं. सात मजल्यांवर सात वेळा करण्यासारखं हे नाही.

शेवटी शाफ्ट हलवला. टॉयलेटच्याच बाजूला सफाईचं सामान ठेवायची खोली होती, तिच्यातून ६०० बाय ९०० चा तुकडा आर्किटेक्टने काढून दिला. पाइपला पॅसेज ओलांडायचीच गरज उरली नाही, मुख्य बीमचा प्रश्न मिटला, पॅसेजची साडेचारशे डक्ट आणि बाकीच्यांना मोकळी झाली. नवा शाफ्ट कुठल्याही मजल्यावर बीमवर येत नाही ना, हे बघावं लागलं. सर्वांत खाली पार्किंगमध्ये तो गाड्यांच्या रस्त्यावर उतरत होता, तिथे पाइप छताखालून आडवा नेऊन भिंतीकडे वळवला. तोही उतार मोजूनच.

इथवरचा क्रम असा: बीमच्या खोल्या ताडून घ्या, पॅसेजचा छेद कागदावर मांडून उंचीची वाटणी करा, ड्रेनेज सर्वांत आधी बसवा, ते बीममध्ये घुसत असेल तर स्लीव्हचे तीन आकडे काढा, आणि तेही जमत नसेल तर पाइपशी खेळत न बसता शाफ्टबद्दल आर्किटेक्टकडे जा. यासाठी इमारतीतले चार-पाच अडचणीचे छेद पुरतात: लिफ्टसमोरची लॉबी, टॉयलेटलगतचा पॅसेज, एएचयू खोलीचं तोंड, इलेक्ट्रिकल शाफ्टच्या बाहेरची जागा. हे सुटले की बाकीचा मजला बराचसा आपोआप सुटतो.

आता नेव्हिसवर्क्सकडे. सगळं एमईपी विरुद्ध सगळं स्ट्रक्चर अशी एकच टेस्ट लावू नका. `Clash Detective` मध्ये छोट्या टेस्ट करा: ड्रेनेज विरुद्ध बीम, डक्ट विरुद्ध बीम, फायर विरुद्ध बीम. प्रत्येक बाजू सर्च सेटने निवडा, म्हणजे नवीन फाइल आली तरी निवड आपोआप ताजी राहते. बीमसाठी `Structural Framing` ही कॅटेगरी पुरते. स्लॅब यात घेऊ नका. उभे पाइप स्लॅबमधून जातात तिथे स्ट्रक्चरल मॉडेलमध्ये कटआउट नसेल तर प्रत्येक मजल्यावर खोटा क्लॅश येतो आणि खऱ्या बीमचे क्लॅश त्या गर्दीत हरवतात. कटआउट वेगळ्या टेस्टमध्ये तपासा.

ड्रेनेजची टेस्ट `Hard` प्रकारात, टॉलरन्स १० मिलिमीटर. म्हणजे त्याहून कमी घुसलेलं ती सोडून देते. डक्टसाठी मात्र मी `Clearance` लावतो, कारण फ्लँज मॉडेलमध्ये नाही हे आपल्याला माहीत आहे. इन्सुलेशन धरलं असेल तर २५ ते ५० चं अंतर मागा, म्हणजे बीमला न टेकताही फार जवळ गेलेला डक्ट पकडला जातो. `Hard` चा एक आंधळा कोपराही लक्षात असू द्या. ती टेस्ट दोन आकारांचे पृष्ठभाग एकमेकांना छेदतात का, हे बघते. दोन पाइप एकाच रेषेत असून टोकाला एकमेकांत शिरले असतील, तर पृष्ठभाग छेदत नाहीत आणि क्लॅश सुटू शकतो. शंका असेल तिथे `Hard (Conservative)` चालवा. ती जास्त खोटे क्लॅश देते, पण सोडत काही नाही.

निकाल आला की एकेक क्लॅश उघडू नका. आधी मजला आणि ग्रिडलाइनप्रमाणे गट करा, मग प्रत्येक गटाला कारणाचं नाव द्या: ‘पॅसेज डक्ट लेव्हल’, ‘टॉयलेट ड्रेन ग्रिड बी’ असं. यादीत गटांचीच नावं राहू द्या, आणि समन्वयाच्या बैठकीत गटावर बोला. तिथे क्लॅश क्रमांक ७४३ वर चर्चा सुरू झाली की समजा, दिवस वाया गेला.

स्टेटसबाबत दोन धोके. रेव्हिटमध्ये एखाद्याने पाइप सरकवण्याऐवजी पुसून नव्याने काढला, तर पुढच्या टेस्टला जुना क्लॅश `Resolved` होतो आणि त्याच जागी नवा `New` म्हणून उभा राहतो. तुमच्या जुन्या नोंदी जुन्याबरोबर गेल्या. ‘एक सोडवला की दोन नवे’ यातला काही भाग असाही असू शकतो, तपासून बघा. दुसरा धोका `Approved`. तो स्टेटस लावला की क्लॅश बाकी असलेल्यांच्या आकड्यातून वजा होतो, म्हणून घाईच्या दिवशी लोक तो सढळ हाताने लावतात. बीमच्या क्लॅशवर `Approved` लावायचा असेल तर शेजारी स्ट्रक्चरच्या मंजुरीचं पत्र किंवा ड्रॉइंग क्रमांक लिहा, नाहीतर लावू नका.

शेवटचं तुमच्या महिन्याबद्दल. शटरिंग दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं आहे. त्या स्लॅबच्या बीमखाली पहिल्या मजल्याचे डक्ट आणि ट्रे असतात, पण त्याच बीममधून जाऊ पाहणारं ड्रेनेज दुसऱ्या मजल्याच्या टॉयलेटचं असतं. रेव्हिटमध्ये ते कित्येकदा दुसऱ्या लेव्हलवर नोंदलेलं असतं. तुम्ही फक्त पहिली लेव्हल निवडून टेस्ट लावलीत तर ड्रेनेज निसटेल. दोन्ही घ्या. सगळी इमारत सोडा, या एका स्लॅबवर लागा. पहिल्या आठवड्यात बीम ताडून छेद मांडा, दुसऱ्यात ड्रेनेज आणि डक्ट बसवून स्लीव्हची यादी स्ट्रक्चरकडे द्या. त्यांना उत्तराला वेळ लागतो, तो धरूनच चाला.

साइटला जाईल ते स्लीव्ह ड्रॉइंग मॉडेलच्या लेव्हलमध्ये देऊ नका. फिटर शटरिंगवर उभा असतो, त्याच्या हातात टेप असते आणि डोळ्यासमोर कॉलम आणि बीमचा तळ. म्हणून प्रत्येक स्लीव्ह कॉलमच्या चेहऱ्यापासून किती आणि बीमच्या तळापासून मध्य किती, अशा दोन मापांत द्या, आणि शेजारी स्लीव्हचा व्यास. रिंगा बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी ते ड्रॉइंग घेऊन तुम्ही स्वतः एकदा शटरिंगवर चढा. स्लीव्ह तारेने घट्ट बांधलीय का आणि तिची तोंडं बंद केलीत का, तेही बघा. उघडी राहिली तर व्हायब्रेटर लागताच ती आतून भरते, आणि मग पुन्हा कोअर कटिंगची मशीन आलीच.

बीमची मापं, मजल्याची उंची आणि सीलिंगची लेव्हल इथे टाका. पॅसेजचा एक छेद मी मांडून दाखवतो, बाकीचे तुम्हाला जमतील.